भाडं १ तारखेला आगाऊ, मग एकरकमी किती द्यायचे? ॲन्युइटी ड्यू आणि ऑर्डिनरी ॲन्युइटी

प्रश्न: दुकानाचं भाडं महिना ३०,०००, दर महिन्याच्या १ तारखेला आगाऊ. करार तीन वर्षांचा, भाडेवाढ नाही, ताबा १ ऑगस्टला. मालक म्हणतात, १ जुलैलाच ९,१०,००० एकरकमी द्या, मग तीन वर्षं भाडं नको. मी बारा टक्के धरून एक्सेलमध्ये काढलं तर ९,०३,२२५ येतात, म्हणजे मालक जास्त मागतायत. आमचे सीए म्हणतात, भाडं आगाऊ असतं, ॲन्युइटी ड्यू धरा, ९,१२,२५७ येतात, म्हणजे सौदा घ्या. बरोबर कोण?

उत्तर:

दोन्ही आकडे गणित म्हणून बरोबर आहेत. फक्त ते एकाच दिवसाचे नाहीत. ९,१२,२५७ ही त्या छत्तीस भाड्यांची १ ऑगस्टची किंमत आहे आणि ९,०३,२२५ ही त्याच भाड्यांची १ जुलैची किंमत. मालकांना पैसे १ जुलैला हवे आहेत, तेव्हा तुमचा आकडा लागू होतो आणि मालक ६,७७५ रुपये जास्त मागतायत. पण मला दाट शंका आहे की तुम्ही तारखेचा विचार करून तिथे पोहोचला नाहीत. एक्सेलला काही सांगितलं नाही तर तो जे धरतो, तेच योगायोगाने तुमच्या तारखेला जुळलं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण तारीख बदलली की हा योगायोग संपेल.

सीएंच्या आकड्यापासून सुरू करू. समजा रक्कम १ ऑगस्टला, ताब्याच्याच दिवशी द्यायची आहे. त्या दिवशी एकरकमी दिली नाही तरी पहिलं ३०,००० भाडं तुम्हाला द्यावंच लागणार आहे. त्या पैशावर तुम्हाला एका दिवसाचंही व्याज मिळणार नाही, म्हणून त्यात काही कमी करायचं नाही. उरली पस्तीस भाडी, १ सप्टेंबरपासून पुढे. ती मात्र पुढची आहेत, तोवर पैसे तुमच्याकडे राहतात, म्हणून प्रत्येकाला त्याच्या अंतराप्रमाणे महिना एक टक्क्याने मागे आणायचं. सप्टेंबरचे ३०,००० हे १ ऑगस्टला २९,७०३ होतात, ऑक्टोबरचे २९,४०९, आणि असं करत शेवटचं भाडं, पस्तीस महिन्यांनंतरचं, २१,१७७ वर येतं. त्या पस्तीस भाड्यांची बेरीज ८,८२,२५७ आणि आजचे ३०,००० मिळून ९,१२,२५७. यालाच ॲन्युइटी ड्यू म्हणतात. यात वेगळं काही सूत्र नाही. पहिला हप्ता आज रोख, बाकीचे नेहमीप्रमाणे.

मी अशिलांना हे नेहमी याच पद्धतीने मांडायला सांगतो, कारण निर्णय कशावर आहे ते लगेच दिसतं. १ ऑगस्टला ९,१०,००० द्यायचे असते तर त्यातले ३०,००० तर जाणारच होते. खरा प्रश्न एवढाच उरतो की आज ८,८०,००० जास्त देऊन पस्तीस महिन्यांचं भाडं टाळायचं का. त्या पस्तीस भाड्यांची किंमत ८,८२,२५७ आहे, म्हणजे फायदा २,२५७ रुपये. इतकंच.

आता १ जुलैवर या. त्या दिवशी ताबा नाही, भाडंही द्यायचं नाही. पहिलं भाडं बरोबर एका महिन्यानंतर, म्हणजे पहिला हप्ता एका कालावधीच्या शेवटी येतो. ही ऑर्डिनरी ॲन्युइटी झाली, आणि १ ऑगस्टच्या प्रत्येक आकड्याला आणखी एकदा १.०१ ने भागलं की ९,०३,२२५ मिळतात. भाडं तेच आहे, करारही तोच आहे. आपण कोणत्या दिवशी उभे राहून मोजतोय ते बदललं. "भाडं म्हणजे ॲन्युइटी ड्यू, कर्जाचा ईएमआय म्हणजे ऑर्डिनरी" हा शिकवणीतला नियम पाठ करायला बरा आहे, कारण बहुतेक वेळा भाड्याची मोजणी पहिल्या भाड्याच्याच दिवशी होते आणि कर्ज हातात पडल्यावर पहिला ईएमआय साधारण महिन्याने येतो. पण नियम भाड्याबद्दल किंवा कर्जाबद्दल नाहीच. पैसे देण्याचा दिवस आणि पहिला हप्ता यांच्यात अंतर किती, एवढंच तो विचारतो. अंतर शून्य असेल तर ड्यू, एक महिना असेल तर ऑर्डिनरी. अंतर दोन महिने असेल तर तोही नाही आणि हाही नाही, ऑर्डिनरीला आणखी एकदा १.०१ ने भागावं लागतं.

तुमच्या सीएंना मी दोष देणार नाही. बहुधा तुम्ही त्यांना भाडं आणि मुदत सांगितली असेल आणि १ जुलै ही तारीख सांगायची राहिली असेल. नसेल तर एकदा विचारून पाहा.

दोन आकड्यांमधला फरक ९,०३२ रुपये आहे. तो कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यावरून आपलं गणित चुकलं का ते लगेच तपासता येतं. हप्त्यांच्या दोन रांगा डोळ्यासमोर आणा. एक आजपासून सुरू होते, दुसरी महिन्याभराने. मधले पस्तीस हप्ते दोन्हीकडे एकाच दिवशी पडतात, ते एकमेकांना खातात. पहिल्या रांगेत एक हप्ता आज जास्त आहे, दुसऱ्या रांगेत एक हप्ता अगदी शेवटी, छत्तिसाव्या महिन्याअखेर जास्त आहे. त्या शेवटच्या ३०,००० ची आजची किंमत २०,९६८. म्हणून फरक ३०,००० वजा २०,९६८, म्हणजे ९,०३२. हाच आकडा ९,०३,२२५ चा एक टक्का म्हणूनही येतो. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं नाही तर कुठेतरी महिन्यांची संख्या ३५ किंवा ३७ पडलेली असते. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच शीट्समध्ये हाच घोळ असतो: कोणी पहिलं भाडं वेगळं धरतं आणि उरलेले मात्र पुन्हा छत्तीसच मोजतं.

एक्सेलमध्ये हे असं दिसतं:

```
=PV(1%,36,-30000)            903225
=PV(1%,36,-30000,0,1)        912257
=30000+PV(1%,35,-30000)      912257
```

पहिल्या ओळीत शेवटचा आकडा लिहिलाच नाही, तेव्हा एक्सेल तो ० धरतो, म्हणजे हप्ता महिन्याच्या शेवटी. दुसऱ्या ओळीतला शेवटचा १ म्हणजे हप्ता सुरुवातीला. त्याच्या आधीचा ० विसरून चालत नाही. चौथ्या जागेवर चुकून १ पडला तर एक्सेल त्याला मुदतीअखेरचा एक रुपया समजतो, आणि उत्तर इतकं थोडं बदलतं की कोणाच्या लक्षात येत नाही. तिसरी ओळ मी पडताळणीसाठी ठेवतो, कारण ती वाचणाऱ्याला काहीही न सांगता समजते.

दुसरा सापळा `NPV` चा. तुमच्या करारात भाडेवाढ नाही, पण पुढच्या वेळी असेलच. समजा दर वर्षी पाच टक्के वाढ आहे: पहिल्या वर्षी ३०,०००, मग ३१,५००, मग ३३,०७५. हप्ते सारखे नाहीत म्हणून `PV` एका झटक्यात चालत नाही, आणि लोक छत्तीस भाडी B2 ते B37 मध्ये लिहून सगळ्यांवर `NPV` लावतात. `NPV` नेहमी असं धरतो की पहिला आकडासुद्धा एका कालावधीनंतरचा आहे. त्याला ० किंवा १ असं काही सांगण्याची सोयच नाही. म्हणून पहिलं भाडं बाहेर ठेवावं लागतं:

```
=B2+NPV(1%,B3:B37)           954919
=NPV(1%,B2:B37)              945465
```

पैसे पहिल्या भाड्याच्या दिवशी द्यायचे असतील तर वरची ओळ, महिनाभर आधी द्यायचे असतील तर खालची. भाडेवाढीच्या करारात हा फरक साडेनऊ हजारांच्या आसपास जातो.

करारात "५ तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं, त्याचं काय, असं हमखास विचारतात. दर वेळी पाचलाच दिलंत तर चार दिवसांचं व्याज वाचतं, सगळ्या मुदतीत मिळून आजच्या किमतीत बाराशेच्या आसपास. मी ते मोजत नाही. डिपॉझिटही या हिशेबात आणू नका, जर ते दोन्ही पर्यायांत सारखंच असेल. एकरकमी दिल्यावर मालक डिपॉझिट कमी करायला तयार असतील तर मात्र तो खरा फायदा आहे, आणि मागून पाहायला हरकत नाही, कारण भाडं थकण्याची भीतीच उरत नाही.

इथपर्यंतचा सगळा वाद नऊ हजारांचा होता. ज्या गोष्टीवर तुमचा निर्णय खरंच उभा आहे ती म्हणजे बारा टक्के. हा आकडा कुठून आणलात? प्रश्नात ते लिहिलेलं नाही, आणि सुरुवात आणि शेवट यांच्या फरकापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त आहे.

समजा ही रक्कम तुम्ही सात टक्क्यांची मुदत ठेव मोडून देणार आहात. मग पैसे वापरण्याची तुमची खरी किंमत सात टक्केच आहे, आणि करानंतर त्याहूनही कमी. सात टक्क्यांनी छत्तीस भाड्यांची १ जुलैची किंमत ९,७१,५९४ येते. मालक ९,१०,००० मागतायत, म्हणजे तुम्हाला एकसष्ट हजारांचा फायदा. याउलट तुम्ही हे पैसे चौदा टक्क्यांच्या ओव्हरड्राफ्टमधून काढणार असाल तर किंमत ८,७७,७६७ उरते आणि सौद्यात बत्तीस हजारांचं नुकसान आहे. बारा टक्के धरल्यावर नुकसान पावणेसात हजार. म्हणजे दर बदलला की उत्तर फायद्यातून तोट्यात जातं आणि तेही हजारोंनी.

म्हणून मी उलट्या बाजूने विचारणं पसंत करतो: मालक मला या सवलतीतून किती टक्के देतायत? एक्सेल तेही सांगतो.

```
=RATE(36,-30000,910000,0,0)*12    11.48%
=RATE(36,-30000,910000,0,1)*12    12.18%
```

१ जुलैला पैसे दिले तर मालक तुम्हाला वर्षाला साधारण साडेअकरा टक्के देतायत. तेच १ ऑगस्टला दिले तर साधारण बारा पूर्णांक दोन. आता हा आकडा स्वतःच्या पैशाशी ताडून पाहता येतो. ठेवीतले पैसे असतील तर साडेअकरा हा चांगला दर आहे. दुकानात माल भरून त्यावर तुम्ही वर्षाला वीस-पंचवीस टक्के सहज सोडवत असाल, तर भांडवल भाड्यात अडकवण्यात अर्थ नाही, मग एक्सेलमध्ये ० लिहा की १.

पण हा साडेअकरा टक्के बँकेच्या ठेवीसारखा सुरक्षित नाही. तुम्ही मालकांना नऊ लाखांचं बिनतारणाचं कर्ज देताय आणि ते तीन वर्षं जागेच्या वापरातून फिटणार आहे. शिवाय १ जुलै ते १ ऑगस्ट हा एक महिना तुमच्या हातात जागाही नाही आणि पैसेही नाहीत. कागदावर तो महिना ९,०३२ रुपयांचा आहे, धोका मोजला तर त्याहून महाग. मी तुमच्या जागी असतो तर मालकांना सांगितलं असतं की ९,१०,००० मंजूर, पण चावी हातात येताना, १ ऑगस्टला. त्यांना जुलैमध्येच गरज असेल तर ९,००,००० म्हणा आणि त्यातली थोडी रक्कम आधी, बाकी ताब्यावर. ज्याला रोख रकमेची घाई आहे तो दहा हजारांवर अडून बसत नाही, निदान मला तरी असे कमी भेटले.

करार नोंदवायचाच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. एकरकमी दिलेली पूर्ण रक्कम, तिची तारीख आणि ती कोणत्या छत्तीस महिन्यांसाठी आहे हे त्या नोंदणीकृत करारातच आलं पाहिजे. वेगळ्या पावतीवर किंवा व्हॉट्सॲपवर ठेवू नका. मालकांनी जागा विकली तर नवीन मालकासमोर तोच कागद उभा राहणार आहे. मालक जीएसटीत नोंदणीकृत असतील तर आणखी एक गोष्ट आहे. सेवेची आगाऊ रक्कम मिळाली की कर तेव्हाच लागतो, म्हणजे ९,१०,००० वर १८ टक्क्यांनी १,६३,८०० पहिल्याच दिवशी भरावे लागतील, महिन्याला ५,४०० नाही. ९,१०,००० मध्ये हा कर धरला आहे की तो वर आहे, हे आधी विचारा. क्रेडिट कधी घेता येईल ते सीएंना विचारा, कारण सेवा मिळाल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही आणि तेवढे दिवस ती रक्कमही तुमचीच अडकते.

आणि एक कलम जे जवळजवळ कोणीच नीट लिहीत नाही: मध्येच जागा सोडली तर परत किती?

समजा अठरा महिने झाले आणि मालकांनी किंवा तुम्ही करार संपवला. मालक म्हणतील, निम्मी मुदत झाली, निम्मे पैसे घ्या, ४,५५,०००. ऐकायला रास्त वाटतं, पण हिशेब तसा नाही. एकोणिसाव्या महिन्याच्या १ तारखेला, त्या महिन्याचं भाडं पडण्याच्या क्षणी, तुमची अठरा भाडी वापरायची उरलेली आहेत. त्यातलं पहिलं आजचंच आहे. ही ॲन्युइटी ड्यू आहे, आणि इथे सीएंची पद्धत शंभर टक्के लागू होते:

```
=PV(1%,18,-30000,0,1)        496868
```

म्हणजे ४,५५,००० आणि या रकमेत जवळपास बेचाळीस हजारांचं अंतर आहे. कारण सरळ आहे. तुम्ही एकरकमी देताना दूरच्या भाड्यांवर जास्त सूट घेतली होती, जवळच्यांवर कमी. ती दूरची भाडी आता जवळ आली, त्यांच्यावरची सूट तुम्ही वाट पाहून कमावली. निम्म्याने भागलं तर ती कमाई मालकांकडे राहते. उलट, "उरलेल्या महिन्यांचं भाडं गुणिले ३०,०००", म्हणजे ५,४०,०००, हे मागणंही चुकीचं आहे. त्यात पुढच्या सतरा भाड्यांवरची सूट तुम्हाला दुसऱ्यांदा मिळते.

करारात सूत्र लिहायला लोक बिचकतात, वकीलही. सूत्र लिहू नका. छत्तीस ओळींचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडा: डावीकडे महिना, उजवीकडे त्या महिन्याच्या १ तारखेला, त्या महिन्याचं भाडं वजा होण्याआधी, परत मिळण्याची रक्कम. दर दोघांनी मिळून ठरवा, बारा चालेल. पहिल्या ओळीत मात्र ९,१२,२५७ नाही, प्रत्यक्ष दिलेली रक्कम घाला, नाहीतर पहिल्याच दिवशी करार मोडून दोन हजार कमावण्याची सोय तुम्ही स्वतःला केल्यासारखं दिसेल आणि मालकांचे वकील ते बरोबर पकडतील. आणि "१ तारखेला, भाडं वजा होण्याआधी" हे शब्द तक्त्याच्या मथळ्यातच ठेवा. ते नसले तर अठराव्या महिन्यानंतर पुन्हा हाच वाद उभा राहतो, फक्त तेव्हा एक महिना इकडे की तिकडे यात तीस हजारांचा फरक असतो.